इंजेक्शनची मासळी आणि धरणाची मासळी

माझी धाकटी बहीण यंदा मे महिन्यात बाळंतपणासाठी देऊळगाव राजाला माहेरी आली. डॉक्टरांनी तिला आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगितले होते. तिला मासे आवडतात, त्यामुळे प्रश्न एकच होता, कोणते आणायचे? अम्मीने पहिल्याच दिवशी बजावून ठेवले, "इंजेक्शन की मछली मेरे घर में नहीं पकेगी. धरण की मिले तो लाना, नहीं तो दाल बनाओ."

ही "इंजेक्शनची मासळी" आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत ऐकू येते. बर्फाच्या पेटीतून येणारी, तळ्यात पाळलेली ती इंजेक्शनची आणि खडकपूर्णा, पेनटाकळी किंवा नळगंगा धरणातून पकडलेली ती कुदरती, असा आपला सरळ हिशोब असतो. मीही तो वर्षानुवर्षे मानत आले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. पण घरात पोटुशी बहीण असली की माणूस नीट चौकशी करतो, आणि सुट्टीही होती.

सकाळी बाजारात गेले. भोई समाजाचे एक भाऊ नेहमीच्या जागी बसतात. त्यांच्यासमोर दोन ढीग होते. एका ताडपत्रीवर लहानमोठे, वेगवेगळ्या वजनाचे मासे, आणि शेजारी थर्माकोलच्या पेटीत बर्फात एकसारखे रचलेले रोहू.

"हा धरणाचा हाय मॅडम, पहाटंच काढला. हा आंध्राचा," ते म्हणाले.

मी विचारले, "भाऊ, धरणाचा म्हणजे बिनइंजेक्शनचा ना?"

ते हसले. "धरणातले मासे का आभाळातून पडतात का मॅडम? बीज तं आमच्याच सोसायटीनं सोडलं."

त्यांच्या या उत्तराने मला कामाला लावले.

इंजेक्शन कोणाला देतात?

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्याकडचे तीन मुख्य गोडे मासे. हे तिन्ही मूळचे नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर आला, गढूळ पाणी काठांवर पसरले, की या माश्यांच्या अंगात अंडी घालण्याची क्रिया सुरू होते. साचलेल्या पाण्यात ती होत नाही. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर सोडण्याचा इशारा मिळत नाही. म्हणून पूर्वी बंगाल-बिहारच्या नद्यांतून पुराच्या दिवसांत पिल्ले गोळा करून तळ्यांत सोडत. त्यात नको असलेल्या जातींची पिल्लेही मिसळलेली असत.

१९५७ साली ओडिशातल्या अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी यावर उपाय शोधला. माश्याच्या मेंदूखाली पियुषिका नावाची एक बारीक ग्रंथी असते. अंडी सोडण्याचा इशारा तिथून येतो. त्यांनी दुसऱ्या माश्याची ही ग्रंथी काढून, वाटून, तिचा अर्क मादीला टोचला आणि मादीने साचलेल्या पाण्यात अंडी सोडली. तो दिवस १० जुलैचा होता. म्हणूनच आपल्या देशात १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

आजही मत्स्यबीज केंद्रात हेच चालते, फक्त ग्रंथीच्या अर्काऐवजी बहुधा तयार औषध वापरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला चांगल्या वाढलेल्या माद्या आणि नर निवडतात. त्यांना वजनानुसार इंजेक्शन देऊन वाहत्या पाण्याच्या गोल टाकीत सोडतात. चार-सहा तासांत मादी अंडी घालते. एक किलोची रोहू दोन लाखांच्या आसपास अंडी देते. पंधरा-अठरा तासांत अंड्यांतून पिल्ले निघतात. तीन दिवसांच्या पिल्लाला मत्स्यजिरे म्हणतात, कारण ते खरेच जिऱ्याएवढे असते. ते वाढून मत्स्यबीज होते आणि दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढे झाले की बोटुकली.

म्हणजे इंजेक्शन दिले जाते ते आईला, तेही अंडी घालण्याच्या वेळी. आपल्या पातेल्यात येणारा मासा त्या आईचे पिल्लू असतो, वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा पकडलेला. त्याला कोणी सुई टोचलेली नसते. लाखो माश्यांना एकेक करून इंजेक्शन देणे कोणाला परवडणार?

आता भाऊंच्या हसण्याचा अर्थ लागतो. धरणाचे पाणीही साचलेलेच. तिथे रोहू-कटल्याची पैदास आपोआप पुरेशी होत नाही. म्हणून मच्छीमार सहकारी संस्था धरणाचा ठेका घेते, मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली विकत आणते आणि पाण्यात सोडते. बोटुकलीच सोडतात, कारण त्याहून बारीक पिल्ले सोडली तर मरळ आणि शिंगाडा त्यांचा फन्ना उडवतात. खडकपूर्णेच्या रोहूची आई आणि आंध्राच्या तळ्यातल्या रोहूची आई, दोघींनी सुई घेतलेली असते. अम्मी ज्याला कुदरती म्हणते तो रोहू खरे तर सोडलेला आहे, फक्त पाळलेला नाही.

आपल्या धरणांत अस्सल रानटी मासे आहेतच. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे आणि ती बारीक मासळी, जी मूठभर घेऊन काट्यासकट तळतात. त्यांची पैदास तिथेच होते. पण बाजारातल्या ढिगात त्यांचा वाटा थोडा आणि रोहू-कटल्याचा मोठा असतो.

फरक पडतो तो खाण्याने

मग दोन रोहूंत फरक नाहीच का? आहे, पण तो जन्मात नाही, खाण्यात आणि पाण्यात आहे.

धरणात सोडलेल्या माश्याला कोणी खायला घालत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पतींचे कण खातो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळाचा गाळ चाळतो. एकाच घरात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. मुलांना बाजारात नेले तर नुसते तोंड पाहून मासा ओळखायला शिकवता येते.

बर्फाच्या पेटीतला बहुतेक रोहू आंध्र प्रदेशातून येतो. कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचा प्रदेश, कोल्लेरू सरोवराच्या आसपासचा भाग, हे त्याचे माहेर. तिथे भातशेतीच्या जमिनीत मोठमोठी तळी केलेली आहेत. तिथल्या शेतकऱ्यांची एक खास रीत आहे. बोटुकली वर्षभर दाटीवाटीने आणि अर्धपोटी ठेवतात, त्यामुळे ती खुजी राहते. मग तीच मोकळ्या तळ्यात सोडून पोटभर खायला देतात. रोखून धरलेली वाढ झपाट्याने होते आणि आठ-दहा महिन्यांत किलो-सव्वा किलोचा मासा तयार होतो.

खायला काय देतात? तेल काढलेला भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड. म्हणजे आपल्याकडे म्हशीपुढे जे टाकतात तेच. खालून भोके पाडलेल्या पिशव्यांत हे मिश्रण भरून त्या तळ्यात बांबूंना टांगतात. मासे खालून तोंड लावून चोखतात, त्यामुळे अन्न गाळात वाया जात नाही. शिवाय पाण्यात शेणखत किंवा कोंबडीखत आणि थोडे रासायनिक खत टाकतात. ते खत मासा खात नाही. त्यावर शेवाळ वाढते आणि मासा ते खातो. पिकाला खत घालावे तसे इथे पाण्याला घालतात.

चव: डोळे मिटून खाल्ले तेव्हा

त्या दिवशी मी दोन्ही ढिगांतला सव्वा-सव्वा किलोचा एकेक रोहू घेतला. घरी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक दिसला. धरणाच्या माश्याच्या डोक्यामागे अंगावर जाळ्याचा वळ होता आणि तिथले खवले निघाले होते. धरणात उभे जाळे संध्याकाळी लावतात, मासा त्यात डोके घालून अडकतो आणि पहाटे काढतात. तळ्यात मोठे जाळे ओढून सगळे मासे एकदम गोळा करतात, म्हणून आंध्राच्या माश्यावर तसा वळ नव्हता. पोट चिरल्यावर धरणाच्या माश्याच्या आतड्यांत काळपट हिरवा गाळ होता. आंध्राच्या माश्याचे आतडे जवळजवळ रिकामे, कारण पकडण्याआधी खाणे थांबवतात, पण आतड्याभोवती पिवळसर पांढऱ्या चरबीचा थर होता. धरणाच्या माश्यात ती नावालाच.

मी दोन्हींचे पाठीचे तुकडे नुसते मीठ-हळद लावून वेगवेगळ्या भांड्यांत वाफवले. मसाला नाही, आले-लसूणही नाही. घरच्यांना डोळे मिटायला लावून एकेक घास दिला. अम्मीने आंध्राचा घास खाऊन ठामपणे सांगितले, "ये धरण की है, देखो कितनी मीठी!" बहिणीने धरणाचा बरोबर ओळखला, कारण तो घट्ट लागला. आणि माझ्या भाच्याने धरणाचा घास तोंडातून काढून सांगितले की याला मातीचा वास येतो.

तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. मऊपणा आणि तोंडात रेंगाळणारी चव चरबीतून येते. अम्मीला तीच गोडी वाटली. धरणातल्या माश्याला चारा शोधत फिरावे लागते, त्याच्या अंगावर चरबी कमी आणि मांस घट्ट. ही बहिणीची खूण. आणि भाच्याला आलेला मातीचा वास, ज्याला आपण तळ्याच्या माश्याची ओळख समजतो, तो त्या दिवशी धरणाच्या माश्याला होता.

हा वास मातीचा नसतोच. पाण्यातले निळसर हिरवे शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसाचा मृद्गंध याच पदार्थाचा. माश्याच्या कल्ल्यांतून तो रक्तात जातो आणि कातडीत व चरबीत साठतो. माणसाच्या नाकाला त्याचा इतका बारीक अंश कळतो की थोडासाही पुरतो. मे महिन्यात धरणाचे पाणी खाली जाते, तापते, शेवाळ वाढते, आणि धरणाचा मासाही "मातकट" होतो. पाण्याची निगा राखलेल्या तळ्यातला मासा त्याच दिवसांत स्वच्छ लागू शकतो. मासा जिवंत असताना काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तर वास उतरतो. मेलेल्या माश्यासाठी आपल्या आजीचा उपाय चालतो. कातडी आणि पोटाकडची चरबी काढायची आणि चिंच किंवा लिंबू लावून ठेवायचे. आंबटाने हा वास कमी होतो. चिंचेचे सालन गोड्या पाण्याच्या माश्यावर शोभते ते उगाच नाही.

चवीतला सगळ्यात मोठा फरक मात्र यापैकी कशाचाच नाही, तो ताजेपणाचा आहे. आंध्राचा मासा आपल्यापर्यंत यायला दोन-तीन दिवस लागतात. बर्फ भरपूर असेल तर तेवढ्यात तो बिघडत नाही. उलट धरणाचा मासा रात्री नऊला जाळ्यात अडकून मेला, कोमट पाण्यात सकाळपर्यंत तसाच राहिला आणि मग बिनबर्फाचा ऊन ताडपत्रीवर दहा वाजेपर्यंत पडला, तर तो "आजचाच" असूनही मऊ पडलेला असतो. म्हणून मासा कुठला हे विचारण्याआधी त्याचे कल्ले उघडून पाहावेत. लाल असावेत, तपकिरी आणि चिकट नसावेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यावा.

चरबीचा हिशोब

"पाळलेल्या माश्यात चरबी जास्त," हे अब्बांना, म्हणजे हृदयाची गोळी घेणाऱ्या माणसाला, काळजीचे वाटले. म्हणून वहीत हिशोब मांडला.

रोहू मुळात कमी चरबीचा मासा आहे. आहारतक्त्यात शंभर ग्रॅम रोहूमागे साधारण दीड ग्रॅम चरबी दिलेली असते. घरात अर्धा किलो मांस निघाले तर त्यात सात ग्रॅमच्या आसपास चरबी. तळ्यातल्या माश्यात ती दुप्पट धरली तरी चौदा ग्रॅम. आणि आपण तळताना कढईत जे तेल ओततो, त्याचा एकच मोठा चमचा जवळजवळ चौदा ग्रॅमचा असतो. म्हणजे रोहू धरणाचा की तळ्याचा या वादापेक्षा अब्बांसाठी तळायचा की सालन करायचे हा निर्णय मोठा आहे.

चरबी कमी म्हणजे एक फायदाही कमी. मेंदूसाठी आणि हृदयासाठी चांगली म्हणून जी ओमेगा-३ चरबी सांगतात, ती बांगडा आणि तारली या समुद्राच्या तेलकट माश्यांत भरपूर असते, रोहूत थोडी. त्यातही माश्याची चरबी त्याच्या खाण्यासारखी बनते. शेवाळावर वाढलेल्या माश्यात ओमेगा-३ चा वाटा बरा असतो. पेंड आणि कोंड्यावर वाढलेल्यात ओमेगा-६ चा वाढतो. ती चरबी आपल्याला खाद्यतेलातून आधीच पुष्कळ मिळते. बहिणीसाठी आम्ही यातून इतकाच निष्कर्ष काढला की रोहू प्रथिनांसाठी खावा, आणि बर्फातला बांगडा चांगला मिळेल त्या दिवशी तोही आणावा.

घाण कुठून येते?

आता मुख्य भीती. परदेशातल्या नातेवाइकांकडून "पाळलेले मासे म्हणजे विष" असे व्हिडिओ येतात. त्याचे मूळ बहुतेक वेळा सामन या माश्यात असते. २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात पाळलेल्या सामनमध्ये काही घातक औद्योगिक रसायने रानटी सामनपेक्षा जास्त आढळली. कारण त्यांच्या खाण्यात होते. सामन मांसाहारी मासा, त्याला समुद्रातल्या लहान माश्यांचे तेल आणि भुकटी खाऊ घालत. त्या माश्यांच्या चरबीत साठलेली रसायने सामनच्या चरबीत उतरत. पाळलेल्या सामनमध्ये शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅमच्या आसपास चरबी, रानटीत सहा. साठवायला जागाही दुप्पट. पुढे खाद्यात माश्याच्या तेलाऐवजी वनस्पती तेल वाढले आणि २०१७ साली नॉर्वेच्या संशोधकांना पाळलेल्या अटलांटिक सामनमध्ये ही रसायने रानटीपेक्षा कमी आढळली. मासा पाळलेलाच होता, ताट बदलले तशी घाणही बदलली.

आपला रोहू कोंडा खातो आणि त्याच्या अंगावर चरबी थोडी. सामनची भीती त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडे पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली पारा. पाण्यातला पारा लहान जिवांतून लहान माश्यांत, त्यांच्यातून मोठ्यांत असा चढत जातो. दुसरे मासे खाणारा, मोठा आणि वयस्क मासा जितका, तितका पारा जास्त. समुद्रात मोरी, मोठी सुरमई. हे मासे पकडलेले, रानटी असतात. पारा मांसात बसतो, तो कातडी काढून किंवा शिजवून जात नाही. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा सल्ला असा की गर्भवती स्त्रीने आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅमपर्यंत कमी पाऱ्याचे मासे खावेत, आणि मोरी, तलवार मासा व सुरमईच्या कुळातला किंग मॅकरेल टाळावा. त्यांच्या चांगल्या माश्यांच्या यादीत पाळला जाणारा तिलापिया आहे. वर्षभरात काढला जाणारा, शेवाळ आणि कोंडा खाणारा रोहू या शिडीच्या खालच्या पायरीवर बसतो. आपल्या धरणातली मोठी मरळ, जिला आपण बाळंतिणीसाठी उत्तम मानतो, ती शिकारी आहे. म्हणून ती लहान आकाराची आणि अधूनमधून बरी.

दुसरी गोष्ट शेतातली फवारणी. आपला जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. पहिल्या जोरदार पावसात शेतातले पाणी नाल्यांतून गावतळ्यांत आणि धरणांत येते. मोठ्या धरणात ते विरळ होते, लहान तळ्यात किंवा डोहात नाही. काही कीटकनाशके माश्यांना इतकी जहाल की मासे उलटे होऊन तरंगतात. ढगाळ रात्रीनंतर पाण्यातला प्राणवायू संपला तरी पहाटे असेच होते. कारण कोणतेही असो, फुकट मिळाले म्हणून असे मासे कोणी आणू नयेत. आपोआप मरून पाण्यावर तरंगणाऱ्या माश्याला हनफी फिक्हमध्ये "ताफी" म्हणतात आणि तो खाल्ला जात नाही. शहराचे सांडपाणी जिथे मिळते तिथल्या नदीचा मासाही "नदीचा" म्हणून चांगला ठरत नाही.

तिसरी गोष्ट तळ्यांतली औषधे. दाटी झाली की रोग येतो, आणि रोग आला की काही शेतकरी प्रतिजैविके वापरतात. काही औषधांना आपल्या देशात बंदी आहे, काहींना मर्यादा. औषध दिल्यावर ठरावीक दिवस मासा विकू नये असा नियम असतो. हा दोष खरोखर पाळलेल्या माश्याचाच आहे आणि तो डोळ्यांनी किंवा वासाने ओळखता येत नाही. नेहमीच्या, ठिकाण सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घेणे आणि एकाच प्रकारचा मासा रोज न खाणे, एवढे आपल्या हाती आहे.

चौथी पकडल्यानंतरची. २०१८ साली केरळ आणि गोव्यात मासे टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन वापरल्याचा मोठा गाजावाजा झाला आणि गोव्याने काही दिवस बाहेरची मासळी थांबवली. हे रसायन पाळलेल्या आणि पकडलेल्या दोन्ही माश्यांना लावता येते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखण्यासाठी कागदी पट्टीची साधी चाचणी तयार केली आहे. माश्यावर पट्टी घासून द्रावणाचा थेंब टाकला की रंगावरून कळते. बाजारात मासा बघताना शंका अशी घ्यावी की डोळे निस्तेज, कल्ले फिके, पण अंग मात्र रबरासारखे ताठ आणि माश्याला माश्याचा वासच नाही.

बाजारातले बाकीचे पाहुणे

पेटीत आता रोहूशिवाय इतरही असतात. बिनखवल्यांचा, रुपेरी, बिनकाट्याचे पांढरे तुकडे देणारा तो पंगास. हॉटेलात "बासा" म्हणून मिळतो तो बहुधा हाच. तो मूळचा व्हिएतनाम-थायलंडकडचा, १९९५-९६ च्या सुमारास बांगलादेशातून बंगालमध्ये आला आणि तिथून आंध्रात. तो वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून खराब पाण्यातही तगतो. हाच त्याचा फायदा आणि हाच त्याच्याबद्दलचा संशय. राज्यातल्या काही धरणांत पिंजरे टाकून, तरंगत्या गोळ्या खाऊ घालून तो वाढवतात. ते पाणी चांगले असते. तेव्हा पंगास घेताना कोणत्या पाण्यातला हे विचारावे आणि पोटाची चरबी काढून टाकावी.

तिलापिया, ज्याला काही जण चिलापी म्हणतात, तो तळ्यात भराभर पिल्ले घालतो आणि गर्दीने सगळेच खुजे राहतात. म्हणून बीज केंद्रात पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे नरसंप्रेरक मिसळलेले खाणे देऊन सगळे नर करतात. त्यानंतर मासा कित्येक महिने साध्या खाण्यावर वाढतो आणि तोवर ते अंगातून निघून गेलेले असते.

एक मासा मात्र अम्मीच्या भीतीला पुरेपूर पात्र आहे, तो थाई मांगूर. मिशा असलेला, काळपट, टोपलीत बिनपाण्याचा तासन्‌तास वळवळणारा. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याची तळी नष्ट करायला लावली. तो काहीही खातो, आणि त्याला कत्तलखान्याचे व कोंबड्यांचे टाकाऊ भाग सडवून घालतात. शिवाय सुटून नदीत गेला तर स्थानिक मासे संपवतो. देशी मांगूर लहान असतो, किलो-दोन किलोचा "मांगूर" दिसला तर तो देशी नाही. घाण खाऊन वाढलेल्या जनावराला आपल्याकडे "जल्लाला" म्हणतात. ते काही दिवस बांधून, स्वच्छ चारा घालून मगच खावे, असे आपल्या आलिमांनी शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे. मासा हलाल आहे, पण त्याने काय खाल्ले हा प्रश्न आपल्या घरात नवा नाही.

शेवटी काय ठरले

बहीण माहेरी होती तोवर आम्ही आठवड्यातून दोनदा मासे आणले. एकदा धरणाचा, दुसऱ्यांदा बर्फातला रोहू किंवा बांगडा. प्रत्येक वेळी शंभर-दीडशे ग्रॅमचा तिचा वाटा, नीट शिजवलेला. मोरी नाही, थाई मांगूर नाही, तरंगलेला मासा नाही. मे महिन्यातला धरणाचा मासा चिंचेत, आंध्राचा मासा पोटाची चरबी काढून.

अम्मीने इंजेक्शनची गोष्ट शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "मतलब माँ को लगा था, बच्चे को नहीं." दुसऱ्या दिवशी मी बर्फातला रोहू आणला तेव्हा तिने कल्ले उघडून पाहिले, बोटाने दाबून पाहिले, आणि सालनाला चिंच भिजत घातली. शेजारच्या खाला विचारायला आल्या की धरणाचा आहे का, तर अम्मी म्हणाली, "धरण का नहीं, मगर ताज़ा है."